ठोसा नेमका लागतो कुठे?

रियू गुडघ्यात वाकतो, मूठ आभाळाकडे फेकतो आणि सरळ वर उसळतो. त्याच क्षणी प्रतिस्पर्ध्याने मारलेली लाथ त्याच्या पोटातून आरपार गेलेली पडद्यावर स्पष्ट दिसते. रियूला मात्र काहीच होत नाही. उलट लाथ मारणाराच जबड्यावर ठोसा खाऊन मागे कोसळतो.

कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' १९९१ साली आर्केड मशिनवर आला, आणि नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणी मोजत उभ्या राहिलेल्या अनेकांनी हा 'शोर्युकेन' पाहिलेला असेल. "लाथ लागली होती, मशिननेच धरली नाही," ही तक्रारही त्यांनी ऐकली असेल. मशिनची यात काही चूक नव्हती. पडद्यावरचं चित्र मशिनने पाहिलेलंच नव्हतं. लागलं की नाही हे ठरवताना ते चित्राकडे बघतच नाही.

पडद्यावर दिसणारा रियू म्हणजे स्प्राइट, एकामागून एक दाखवल्या जाणाऱ्या सपाट चित्रांची मालिका. त्या चित्रांवर काही आयत ठेवलेले असतात, पण ते खेळणाऱ्याला दिसत नाहीत. मारामारीचा सगळा हिशेब या आयतांमध्येच होतो. त्यातले दोन प्रकार महत्त्वाचे. जिथून मार बसतो तो आयत म्हणजे हिटबॉक्स. ठोसा मारताना तो मुठीच्या आसपास उमटतो, लाथ मारताना पावलाच्या आसपास, आणि एरवी तो नसतोच. जिथे मार लागू शकतो तो आयत म्हणजे हर्टबॉक्स. तो जवळजवळ कायम असतो. 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये उभ्या खेळाडूवर साधारणपणे असे तीन आयत असतात: डोक्यावर एक, धडावर एक आणि पायांवर एक. माझा हिटबॉक्स तुमच्या एखाद्या हर्टबॉक्सला भिडला, तर तुम्हाला लागलं. दोन हिटबॉक्स एकमेकांना भिडले तर त्यातून आपोआप काही घडत नाही. दोन हर्टबॉक्स भिडले तरीही काही घडत नाही.

कबड्डीतल्या चढाईत हे दोन्ही एकाच हातात दिसतात. चढाई करणारा हात लांबवून समोरच्याला शिवतो, तेव्हा गडी बाद करणारा हात तोच असतो. पण तो लांबवल्यामुळेच बचाव करणाऱ्याला मनगट धरायची संधी मिळते. हात जितका पुढे जाईल तितका फायदा वाढतो आणि तितकाच धोकाही. व्हिडिओ गेममध्ये वेगळेपण एवढंच, की फायदा कुठवर पोहोचेल आणि धोका कुठवर, हे बनवणारा स्वतंत्रपणे ठरवू शकतो. शोर्युकेनमध्ये त्याने ठरवलं, की उसळीच्या सुरुवातीला हिटबॉक्स असेल पण हर्टबॉक्स एकही नसेल. चित्रात रियूचं अख्खं शरीर आहे, पण हिशेबात त्याची फक्त मूठ आहे. म्हणून लाथ आरपार गेली. खाली येताना हर्टबॉक्स परत येतात. चुकून मारलेल्या शोर्युकेननंतर रियू हवेत असहाय सापडतो तो त्यामुळेच.

याच खेळातला धालसिम पाहिला की हे आणखी नीट उलगडतं. धालसिम हा हातपाय रबरासारखे लांबवणारा योगी. अर्ध्या पडद्यावरून तो ठोसा मारू शकतो, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, याच्याशी लढायचं तरी कसं? उत्तर त्याच्या लांबलेल्या हातातच आहे, कारण त्या हातालाही हर्टबॉक्स दिलेला आहे.

एक चकमक सावकाश बघू. यातले आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, खेळाच्या आतले नाहीत. रीत मात्र तीच. पडद्याची रुंदी ३८४ पिक्सेल, आणि अंतरं आपण डाव्या कडेपासून मोजू. धालसिम उजवीकडे २६०वर उभा आहे, रियू डावीकडे शंभरच्या आसपास. धालसिम हात लांबवतो. मुठीचा हिटबॉक्स १२० ते १५० एवढी जागा व्यापतो. रियूच्या धडाचा हर्टबॉक्स ८० ते ११५ आहे. म्हणजे मूठ आणि धड यांच्यात पाच पिक्सेलची फट राहिली आणि ठोसा चुकला. पण रियूच्या कुडत्याची फडफडणारी कड चित्रात १२२पर्यंत रंगवलेली आहे. बघणाऱ्याला मूठ कपड्याला टेकलेली दिसते, आणि कपड्याला हर्टबॉक्स नसल्यामुळे मशिनसाठी काहीच घडलेलं नसतं.

आता रियू लाथ मारतो. लाथेचा हिटबॉक्स १६५पर्यंत पोहोचतो. त्या पायाला स्वतःचा हर्टबॉक्सही आहे, पण तो १४०वरच संपतो. पुढचं सगळं वेळेवर अवलंबून आहे. हा खेळ सेकंदाला सुमारे ६० फ्रेम दाखवतो आणि प्रत्येक फ्रेमला आयत नव्याने तपासतो. समजा, मुठीचा हिटबॉक्स दहाव्या ते तेराव्या फ्रेमपर्यंतच जिवंत आहे. रियूची लाथ बाराव्या फ्रेमला आली, तर तिचा हिटबॉक्स लांबलेल्या हाताला भिडेल आणि मुठीचा हिटबॉक्स रियूच्या पायाला भिडेल. मार दोघांनाही बसेल. तीच लाथ सोळाव्या फ्रेमला आली, तर मुठीचा हिटबॉक्स विझलेला असेल. हात अजून पूर्ण मागे गेलेला नाही आणि त्याचा हर्टबॉक्स १५०पासून मागे शाबूत आहे. आता एकट्या धालसिमला लागेल, तेही हातावर, धडापासून कितीतरी दूर. दोन लाथांमधला फरक चार फ्रेमचा, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा. चित्रात मात्र दोन्ही वेळी हात जवळजवळ सारखाच लांबलेला दिसतो.

रियूच्या लाथेत १४० ते १६५ हा जो तुकडा आहे, तो मारू शकतो पण मार खात नाही. लाथ किती दमदार, हे पुष्कळसं या २५ पिक्सेलवर ठरतं. अमुक लाथेला 'प्रायॉरिटी' आहे, ती समोरच्याची लाथ मोडते, असं खेळणारे म्हणतात. पण बहुतेक वेळा खेळाच्या आत कोणती लाथ श्रेष्ठ याचा तक्ता नसतो. हिटबॉक्स हर्टबॉक्सच्या किती पुढे आहे आणि किती फ्रेम आधी आला आहे, एवढंच असतं. तलवारीचा वार बलवान वाटतो तोही याच कारणाने: पात्याला हिटबॉक्स असतो आणि हर्टबॉक्स बहुधा नसतो. १९९९पासून निनटेंडोच्या यंत्रांवर चालत आलेल्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स' मालिकेत मार्थ नावाच्या तलवारबाजाच्या पात्यावर एकाऐवजी अनेक हिटबॉक्स आहेत, आणि टोकाजवळचा सर्वात जबर. त्यामुळे मार्थ खेळणारा समोरच्याच्या जवळ जाण्यापेक्षा नेमकं पातं-भर अंतर राखायला शिकतो.

मग प्रश्न येतो, की हे आयत चित्रावर नीट बसवत का नाहीत? शरीराच्या कडेने काटेकोर आकार काढला तर भांडणच मिटेल, असं कुणालाही वाटेल.

पहिलं कारण हिशेबाच्या खर्चाचं. 'स्ट्रीट फायटर टू' ज्या मशिनवर आला त्याचा मुख्य प्रोसेसर १० मेगाहर्ट्झचा होता. ८० रुंद आणि १०० उंच चित्रात ८,००० पिक्सेल असतात. दोन चित्रं एकमेकांवर आली की त्यातला प्रत्येक रंगवलेला ठिपका समोरच्या ठिपक्याशी ताडून बघायचा, तेही सेकंदाला ६० वेळा. दोन आयत भिडलेत का, हे पाहायला मात्र चार तुलना पुरतात:

```
a.left < b.right && a.right > b.left &&
a.top < b.bottom && a.bottom > b.top
```

चारही अटी खऱ्या असतील तर आयत एकमेकांवर आलेले आहेत. एक हिटबॉक्स, समोर तीन हर्टबॉक्स, आणि हे दोन्ही खेळाडूंसाठी केलं तरी जेमतेम २४ तुलना होतात. शिवाय प्रत्येक चित्रासाठी नवे आयत आखायचीही गरज नसते. आयतांची एक यादी साठवतात आणि कोणत्या चित्राला यादीतला कोणता आयत, एवढाच क्रमांक नोंदवतात. एकच आयत अनेक चित्रांना चालवला जातो, त्यामुळे तो कुठल्याच चित्रावर तंतोतंत बसत नाही.

खर्चाचं हे कारण खरं असलं, तरी मला ते अपुरं वाटतं. ठिपक्याला ठिपका ताडून बघणारी सोय फार आधीपासून होती. १९७७च्या अटारी २६०० या घरगुती यंत्रात आणि १९८२च्या कमोडोर ६४ संगणकात ती थेट चिपमध्येच बसवलेली होती. दोन स्प्राइटचे रंगवलेले ठिपके एकमेकांवर आले की चिप स्वतःच तशी खूण करून ठेवायची, आणि प्रोग्रॅमरला ती खूण नुसती वाचायची असे. आजच्या साध्या फोनलाही ८,००० ठिपके म्हणजे काहीच नाही. तरीही मारामारीचे नवे खेळ आयत किंवा गोल टोकांच्या नळ्यांसारखे आकारच वापरतात. म्हणजे मुद्दा ताकदीचा राहिलेला नाही.

खरा अडसर चित्र हलतं हा आहे. जिवंत वाटावं म्हणून चित्रकार नुसत्या उभ्या असलेल्या पात्रालाही श्वास देतो. खांदे वरखाली होतात, केस उडतात, पट्ट्याची टोकं हलतात. आकार चित्राला चिकटवला तर या प्रत्येक हालचालीबरोबर मार लागण्याची जागाही बदलेल. त्याच अंतरावरून, त्याच वेळेला मारलेली लाथ एकदा लागेल आणि एकदा चुकेल, आणि तेही प्रतिस्पर्ध्याने काही केलं म्हणून नाही, तर त्याचा पट्टा त्या फ्रेममध्ये कुठल्या बाजूला होता म्हणून. अंतर मोजून खेळणाऱ्याच्या हाती मग काहीच उरत नाही. आयत स्थिर ठेवला की पाहणाऱ्याला चित्र जिवंत वाटतं आणि खेळणाऱ्याला अंतर भरवशाचं वाटतं. दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि एकाच आकाराने त्या भागत नाहीत.

जमिनीवर उभं राहणं आणि दोन शरीरांनी एकमेकांना अडवणं, ही कामंही चित्रावर सोपवली तर बिघडतात. त्यासाठी मारामारीच्या खेळात तिसरा आयत असतो, पुशबॉक्स. दोन पात्रांचे पुशबॉक्स भिडले की ती एकमेकांना ढकलतात आणि आरपार जात नाहीत. हा आयत मुद्दाम साधा आणि जवळजवळ न बदलणारा ठेवतात. पसरलेल्या हातावर तो लावला असता, तर धालसिमने लांबून मारलेल्या ठोशाने समोरचा माणूस नुसताच ढकलला गेला असता.

चित्र आणि आयत यांत फरक राहणारच, हे एकदा मान्य केलं की तो कुणाच्या बाजूने झुकवायचा हा प्रश्न उरतो. एकट्याने खेळायच्या खेळात उत्तर सोपं आहे: खेळणाऱ्याच्या बाजूने. २०१८च्या 'सेलेस्ट' या डोंगर चढण्याच्या खेळाचा खेळाडू सांभाळणारा कोड त्याच्या निर्मात्यांनी खुला केला आहे, त्यात हे आकड्यांत दिसतं. त्यांनी नायिकेच्या ज्या आयताला हिटबॉक्स म्हटलं आहे तो जमीन आणि भिंतींसाठी आहे. तो ८ पिक्सेल रुंद आणि ११ पिक्सेल उंच. जिवावर बेतणाऱ्या गोष्टींसाठीचा हर्टबॉक्स तितकाच रुंद, पण उंची फक्त ९. दोन्ही डोक्याकडे जुळतात, म्हणजे कापलेले दोन पिक्सेल पावलांकडचे. नायिका पूर्ण ११ पिक्सेलवर जमिनीला टेकते, पण तिच्या तळपायाच्या दोन पिक्सेलना अपाय होऊ शकत नाही. "थोडक्यात वाचले!" असं जिथे खेळणाऱ्याच्या तोंडून निघतं, तिथे पुष्कळदा हे दोन पिक्सेल कामाला आलेले असतात. गोळ्यांच्या पावसातून विमान काढायच्या जपानी खेळांत तर हे टोकाला जातं. विमान किंवा पात्र चांगलं मोठं काढलेलं असतं आणि हर्टबॉक्स त्याच्या मधोमध जेमतेम ठिपक्याएवढा. 'तोहो' मालिकेच्या अनेक भागांत पात्र सावकाश चालवायचं बटण दाबलं की तो ठिपका दाखवतात. कारण तो कुठे आहे हे माहीत नसेल, तर दोन गोळ्यांमधल्या फटीतून जायचं धाडस कुणी करणार नाही.

दोन माणसांच्या लढतीत ही उदारता अशी वाटता येत नाही. रियूचा हर्टबॉक्स लहान केला तर रियूवाल्याला सुटल्यासारखं वाटेल, आणि समोरच्याला आपली लागलेली लाथ हिरावल्यासारखी. म्हणून इथे झुकतं माप पात्राला नव्हे, एकेका चालीला देतात. धिम्या, जड लाथेचा हिटबॉक्स चित्रातल्या पावलापेक्षा थोडा पुढे काढतात, म्हणजे तिच्यामागची जोखीम घ्यायला कुणी तयार होईल. झटपट ठोशाचा तोकडा ठेवतात. हवेतून मारायच्या काही लाथांचा हिटबॉक्स मारणाऱ्याच्या पाठीमागेही येतो, म्हणून डोक्यावरून पलीकडे जाता जाता मागून मार बसतो. चित्रात पाय पुढे असतो, पण चाल मागून लागण्यासाठी घडवलेली असते. चित्र आणि आयत यांतला फरक इथे सोय नसून रचनेचाच भाग आहे.

बिघडतं ते फरक आहे म्हणून नाही. खेळणाऱ्याला चित्रावरून आलेला अंदाज सतत खोटा ठरू लागला, की बिघडतं. कॅपकॉमच्याच 'मॉन्स्टर हंटर' मालिकेत प्लेसिओथ नावाचा माशासारखा राक्षस आहे. त्याच्या कमरेच्या धक्क्याचा हिटबॉक्स जुन्या भागांत इतका फुगलेला होता, की खेळाडू दूर उभा दिसत असताना फेकला जायचा. त्या मालिकेचे चाहते अजून त्याचं उदाहरण देतात. दुसरा दोष वेळेचा: चित्रात वार संपलेला आणि हिटबॉक्स मात्र काही फ्रेम रेंगाळलेला. तिसरा वेगाचा. आठ पिक्सेल रुंद हर्टबॉक्स आणि दर फ्रेमला वीस पिक्सेल सरकणारा लहानसा गोळा असेल, तर एका फ्रेमला गोळा अलीकडे आणि पुढच्या फ्रेमला पलीकडे असू शकतो. दोन्ही वेळी आयत भिडत नाहीत आणि गोळा शरीरातून निसटतो. उपाय म्हणून मागच्या जागेपासून आताच्या जागेपर्यंतचा सगळा पट्टाच तपासतात. २००१च्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली'मध्ये हिटबॉक्स असे दोन फ्रेममध्ये जोडलेले आहेत. त्यामुळे वेगात फिरलेली तलवार मधली जागा वगळत नाही.

एक चूक नव्याने खेळ बनवणाऱ्याच्या हातून हमखास होते. ठोशाचा हिटबॉक्स तीन फ्रेम जिवंत असेल आणि दर फ्रेमला नुसती भिडण्याची तपासणी असेल, तर एकाच ठोशाचा मार तीनदा मोजला जातो. म्हणून एका चालीने एकदा कुणाला मारलं की त्याची नोंद ठेवतात आणि ती चाल संपेपर्यंत त्याच्या सगळ्या हर्टबॉक्सकडे दुर्लक्ष करतात.

आपल्याला खरंच लागलं की खेळानेच फसवलं, हे तपासायचं असेल तर डोळ्यांवर विसंबू नये. लढत रेकॉर्ड करून एकेक फ्रेम पुढे सरकवावी. मार बसला त्या फ्रेमला दोन्ही चित्रं कुठे आहेत ते पाहावं, मग तीच चाल त्याच अंतरावरून पुन्हा पुन्हा करून बघावी. दर वेळी तोच निकाल येत असेल, तर आयत चित्रापेक्षा मोठा किंवा लहान आहे, आणि तो शिकून घेता येतो. निकाल बदलत असेल, तर तुमच्या वेळेत फ्रेम-दोन फ्रेमचा फरक पडतो आहे, किंवा त्या पात्राच्या उभं राहण्यातच आयत बदलतो आहे. २०१२च्या 'स्कलगर्ल्स'सारख्या काही खेळांनी सरावाच्या भागात सगळे आयत पडद्यावर दाखवायची सोयच दिली आहे. जुन्या आर्केड खेळांचे चाहते संगणकावर खेळ चालवून, मशिनच्या मेमरीतले आकडे वाचून तेच आयत चित्रावर रंगवतात. तसं एकदा शोर्युकेन फ्रेम-फ्रेम करून पाहावं. रियू उसळतो, अंगावरचे हर्टबॉक्स एकदम नाहीसे होतात आणि मुठीजवळचा हिटबॉक्स उमटतो. मग तो विझतो, हर्टबॉक्स परततात, आणि तिथून जमिनीवर टेकेपर्यंत त्याला गाठायला किती फ्रेम मिळतात ते बोटांवर मोजता येतं.